नवे वायरलेस इअरबड्स फोनला पहिल्यांदा जोडणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं चार्जिंगच्या डबीत बसणाऱ्या, एकमेकांना वायर नसलेल्या दोन सुट्या बड्सबद्दल आहेत. फोन अँड्रॉइड धरला आहे. आयफोनवर जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

पेअरिंग मोड म्हणजे नेमकं काय?

चालू झालेले बड्स दोनपैकी एक काम करत असतात. एक तर ते ओळखीचा फोन शोधत असतात, नाहीतर आजूबाजूच्या कुठल्याही फोनला आपलं नाव दाखवत असतात. हे नाव दाखवणं म्हणजेच पेअरिंग मोड. नव्या फोनच्या यादीत बड्सचं नाव फक्त याच वेळात दिसतं आणि तो वेळही मोजकाच असतो. बहुतेक मॉडेल्स दोन ते पाच मिनिटांत हा मोड आपोआप बंद करतात.

तुम्ही यादीतल्या नावावर टॅप केलं की फोन आणि बड्स मिळून एक गुप्त किल्ली तयार करतात आणि दोघंही ती आपापल्याकडे साठवून ठेवतात. पुढच्या वेळी डबी उघडल्यावर काहीही न विचारता जोडणी होते ती या किल्लीमुळे. खाली आलेल्या बऱ्याच अडचणी या किल्लीपाशीच येऊन थांबतात. कधी किल्ली फोनकडे असते आणि बड्सकडे नसते, कधी बड्सकडे भलत्याच फोनची असते. एवढं ध्यानात ठेवलंत तर पुढची प्रत्येक कृती का करायची हे आपसूक कळत जाईल.

खोका उघडला, बड्स हातात घेतले, पण लाइट लागत नाही, आवाज नाही. खराब निघाले का?

लगेच तसं समजू नका. आधी बड्सच्या दांडीवर किंवा आतल्या बाजूला असलेले धातूचे बारीक ठिपके बघा. प्रवासात बॅटरी उतरू नये म्हणून अनेक कंपन्या या ठिपक्यांवर पातळ प्लास्टिकची पट्टी किंवा स्टिकर लावतात. काही वेळा ती पारदर्शक असते आणि चटकन दिसत नाही. ती काढल्याशिवाय बड आणि डबी यांचा संपर्कच होत नाही. त्यामुळे बड चार्जही होत नाही आणि डबीतून काढला हेही त्याला कळत नाही. दोन्ही बड्सवरची पट्टी काढा. एकावरची राहून गेली तर पुढे एकाच कानात आवाज येतो आणि माणूस भलतीकडेच कारण शोधत बसतो.

पट्टी काढल्यावर दोन्ही बड्स डबीत ठेवा, झाकण लावा आणि डबी अर्धा-पाऊण तास चार्जिंगला लावा. गोदामात महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या डबीची बॅटरी पूर्ण उतरलेली असू शकते.

इथे आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना अडवते. डबीला टाइप-सी पोर्ट आहे, चार्जरलाही टाइप-सी आहे, केबल दोन्हीकडून टाइप-सी आहे, तरीही डबी चार्ज होत नाही. काही स्वस्त डब्यांच्या पोर्टमध्ये दोन छोटे रेझिस्टर बसवलेले नसतात. त्यांच्याशिवाय टाइप-सी चार्जरला समोर काही जोडलं आहे हेच कळत नाही आणि तो वीज सोडत नाही. अशा वेळी एका टोकाला जुनी चपटी यूएसबी पिन असलेली केबल घ्या आणि साध्या चार्जरला लावा. खोक्यात आलेली आखूड केबल बहुतेकदा याच प्रकारची असते, तेव्हा ती फेकून देऊ नका.

सगळं नीट असेल तर जोडायची सरळ पद्धत कोणती?

दोन्ही बड्स डबीत ठेवून फोनपासून हातभर अंतरावर झाकण उघडा. ज्या डब्यांना झाकण उघडल्याचं कळतं, त्यांचे बड्स आतच चालू होतात. बाकीच्यांचे बड्स बाहेर काढल्यावर चालू होतात, म्हणून काही घडलं नाही तर दोन्ही बाहेर काढा. कोऱ्या बड्सकडे कोणाचीच किल्ली नसते. शोधायला ओळखीचा फोन नसल्यामुळे बहुतेक मॉडेल्स पहिल्या वेळी स्वतःहून पेअरिंग मोडमध्ये जातात.

मग फोनवर Settings उघडा, Connected devices मध्ये जा आणि Pair new device वर टॅप करा. काही कंपन्यांच्या फोनवर Settings मध्ये थेट Bluetooth असं लिहिलेलं असतं. आयफोनवर Settings मधून Bluetooth उघडा, नवी उपकरणं खाली Other Devices या मथळ्याखाली येतात. हे पान उघडं ठेवूनच थांबा. फोन नव्या उपकरणांचा शोध मुख्यतः हे पान समोर असतानाच घेतो. पान बंद करून दुसऱ्या ॲपमध्ये गेलात तर शोध थांबतो.

नाव दिसलं की एकदाच टॅप करा आणि पाच-दहा सेकंद थांबा. घाईत पुन्हा पुन्हा टॅप केल्याने चालू असलेली जोडणी अर्ध्यावर तुटू शकते. फोनने Pair असं बटण दाखवलं तर ते दाबा. कानात "कनेक्टेड" असं ऐकू आलं किंवा टुण्‌ असा आवाज आला आणि यादीत नावाखाली Connected किंवा Active दिसलं की काम झालं.

पेअरिंग मोड चालू आहे हे कसं ओळखायचं?

लाइटवरून आणि आवाजावरून. लाइट झपाट्याने लुकलुकत असेल, किंवा लाल-निळा असा आळीपाळीने लागत असेल, तर बहुधा पेअरिंग मोड चालू आहे. सावकाश, एकाच रंगात लुकलुकणारा लाइट अनेक मॉडेल्समध्ये फक्त "चालू आहे, फोनची वाट पाहतोय" एवढंच सांगतो. काही बड्स कानात घातल्यावर "पेअरिंग" असं बोलून दाखवतात. रंगांचा कुठलाही सर्वमान्य नियम नाही. एका कंपनीचा पांढरा लाइट पेअरिंगचा असतो, तर दुसरीचा पूर्ण चार्ज झाल्याचा. खोक्यातलं घडीचं माहितीपत्रक याच एका कारणासाठी जपून ठेवावं असं मला वाटतं.

लाइटबद्दल शंका असेल तर फोनचीच साक्ष काढा. Pair new device च्या पानावर नाव आलं म्हणजे पेअरिंग मोड चालू आहे.

आपोआप पेअरिंग मोड लागला नाही. हाताने कसा लावायचा?

डबीवर बटण असेल तर बड्स आत ठेवा, झाकण उघडं ठेवा आणि बटण तीन ते पाच सेकंद दाबून धरा. लाइटची चाल बदलली की बोट उचला. उदाहरणार्थ, डबीच्या मागे बटण असलेल्या एअरपॉड्सवर झाकण उघडं ठेवून ते बटण साधारण पाच सेकंद दाबलं की लाइट पांढरा लुकलुकतो. एअरपॉड्स अँड्रॉइड फोनला जोडायचे असतील तर हेच करावं लागतं, कारण आयफोनजवळ झाकण उघडताच वर येणारी खिडकी अँड्रॉइडवर येत नाही.

बटण नसेल तर बहुतेक मॉडेल्समध्ये बड्सवरचा टच भाग हेच बटण असतं. दोन्ही बड्स डबीतून काढा आणि दोन्हींच्या टच भागावर एकाच वेळी बोट ठेवून काही सेकंद थांबा. किती सेकंद, हे मॉडेलवर अवलंबून असतं.

बटण दहा सेकंदांहून जास्त दाबून धरलं तर अनेक मॉडेल्स पेअरिंगच्या पुढे जाऊन पूर्ण रीसेट होतात आणि साठवलेल्या सगळ्या किल्ल्या पुसतात. नव्या कोऱ्या बड्सचं त्यात काही जात नाही. एरवी मात्र ते लॅपटॉपला, दुसऱ्या फोनला पुन्हा जोडत बसावं लागतं.

मित्राच्या फोनवर झाकण उघडताच बड्सचं चित्र आलं आणि एका टॅपमध्ये काम झालं. माझ्या फोनवर तसं का येत नाही?

ती गूगलची फास्ट पेअर नावाची सोय आहे. ती 2017 मध्ये आली आणि अँड्रॉइड 6 पासूनच्या फोनवर चालते. पण त्यासाठी बड्सच्या कंपनीनेही ती घातलेली असावी लागते. शिवाय फोनवर ब्लूटूथ आणि लोकेशन दोन्ही चालू हवेत. लोकेशन बंद ठेवायची सवय असलेल्यांना हे चित्र दिसत नाही, एवढंच. नेहमीच्या यादीतून जोडलेले बड्स अगदी तसेच वाजतात, आवाजात काडीचाही फरक पडत नाही.

यादीत एकच नाव दोनदा दिसतंय. कोणतं निवडू?

शेजारी हेडफोनचं चित्र असलेलं नाव निवडा. काही बड्स गाण्यांसाठी एक आणि आपल्या ॲपशी बोलण्यासाठी दुसरी, कमी वीज खाणारी जोडणी ठेवतात. ही दुसरी जोडणीही यादीत डोकावते, कधीकधी नावाआधी LE_ लावून. ती निवडली तर फोन "जोडलं" म्हणतो आणि आवाज मात्र येत नाही. तसं झालं असेल तर ते नाव Forget करा आणि LE_ नसलेल्या नावावर टॅप करा.

नावाच्या शेवटी L आणि R अशी दोन नावं दिसत असतील तर प्रकार वेगळा आहे. ते एका कानाच्या प्रश्नात पुढे येईल.

मुलाने आधी स्वतःच्या फोनवर लावून पाहिले. आता आईच्या फोनवर दिसतच नाहीत. काय करावं?

घरोघरी हे घडतं, म्हणून जरा सविस्तर पाहू.

समजा, मुलाने बड्स मागवले, खोका उघडला, चालतात का पाहायला आपल्या फोनला जोडून एक गाणं ऐकलं आणि आईच्या हातात दिले. आई स्वयंपाकघरात डबी उघडते. बड्स चालू होतात आणि सगळ्यात आधी ओळखीचा फोन शोधतात. मुलाचा फोन बाहेरच्या खोलीत आहे, ब्लूटूथ चालू आहे, अंतर आठ-दहा मीटरच्या आत आहे. दोन सेकंदांत जोडणी होते. बहुतेक साधे बड्स एकदा जोडले गेले की नाव दाखवणं बंद करतात. आई यादीकडे बघत बसते आणि बाहेर मुलाच्या व्हिडिओचा आवाज अचानक गायब होतो, कारण तो आईच्या हातातल्या बड्समध्ये गेलेला असतो. हा आवाज गायब होणं ही सगळ्यात खात्रीची खूण. घरात कोणाचा फोन एकाएकी मुका झाला का, ते विचारा.

आता उपाय. मुलाने आपल्या फोनवर Bluetooth मध्ये जाऊन बड्सच्या नावाशेजारचं दातेरी चाकाचं चिन्ह उघडावं आणि Forget करावं. आयफोनवर नावाशेजारच्या i वर टॅप करून Forget This Device. याने मुलाच्या फोनमधली किल्ली जाते. बड्समधली मात्र अजून तशीच असते.

मग दोन्ही बड्स डबीत ठेवा, झाकण लावा, दहा सेकंद थांबा आणि आईच्या फोनवर Pair new device चं पान उघडून मगच झाकण उघडा. काही बड्स ओळखीचा फोन सापडत नाही हे पाहून थोड्या वेळाने स्वतःच पेअरिंग मोडमध्ये जातात. अर्धा मिनिट वाट बघा. नाव आलंच नाही तर वर सांगितल्याप्रमाणे बटण किंवा टच दाबून मोड लावा. इथे नुसतं झाकण उघडझाप करत राहून उपयोग होत नाही, कारण जुनी किल्ली असेपर्यंत बड्स दर वेळी आधी तोच फोन शोधणार.

मुलाने फक्त ब्लूटूथ बंद केलं तरी काम होतं. पण त्याने ते परत चालू केलं की आई डबी उघडेल तेव्हा दोन फोनमध्ये ओढाताण होऊ शकते. बड्स आईसाठीच असतील तर Forget करणंच बरं.

"Couldn't pair with … because of an incorrect PIN or passkey" असा संदेश येतो. मी तर कुठलाच पिन टाकला नाही!

तुमचं काही चुकलेलं नाही, संदेशाचे शब्दच गोंधळात टाकणारे आहेत. किल्ली जमली नाही, एवढाच त्याचा अर्थ. बड्सना ना पडदा ना आकडे, म्हणून आजचे बड्स पिन न विचारताच किल्ली तयार करतात. ही पद्धत ब्लूटूथमध्ये 2007 साली 2.1 या आवृत्तीसोबत आली. त्याआधीच्या हेडसेट्सना 0000 किंवा 1234 टाकावं लागे.

हा संदेश सहसा दोन कारणांनी येतो. नावावर टॅप करेपर्यंत पेअरिंग मोड संपलेला असतो, किंवा आधीच्या फसलेल्या प्रयत्नातली अर्धवट किल्ली एका बाजूला शिल्लक असते. म्हणून दोन्ही बाजू कोऱ्या करा. फोनवर नाव असेल तर Forget, बड्सना माहितीपत्रकाप्रमाणे रीसेट, फोनचं ब्लूटूथ बंद करून पुन्हा चालू, आणि मग पहिल्यापासून जोडणी. फक्त एकच बाजू पुसली तर तोच संदेश पुन्हा येतो.

आणि पडद्यावर सहा आकडे दाखवून "जुळतात का" असं फोन विचारत असेल तर थांबा. तुमच्या बड्सना आकडे दाखवता येत नाहीत. तुम्ही बहुधा कोणाच्या तरी लॅपटॉपच्या, टीव्हीच्या किंवा गाडीच्या नावावर टॅप केलं आहे. Cancel करा आणि खोक्यावर छापलेलं मॉडेलचं नाव यादीत नीट शोधा.

जोडणी झाली, पण आवाज एकाच कानात येतो.

आधी प्लास्टिकची पट्टी आणि चार्जिंग तपासा. दोन्ही बड्स डबीत ठेवल्यावर दोघांचा लाइट लागतो का? एकाचा लागत नसेल तर त्याचे आणि डबीतले ठिपके कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि तो डबीत नीट दाबून बसवा.

दोन्ही चार्ज आहेत आणि तरीही एकच वाजतो, तेव्हा दोन बड्सची आपसातली जोडी सुटलेली असते. दोन्ही बड्स एकमेकांशीही जोडलेले असावे लागतात. कारखान्यातून ते तसेच येतात, पण पेअरिंग चालू असताना एकच बड बाहेर काढला किंवा एकाचीच बॅटरी संपली तर काही मॉडेल्समध्ये ही साथ सुटते. मग ते फोनवर L आणि R अशा वेगळ्या नावांनी दिसू लागतात. अशा वेळी दोन्ही नावांवर टॅप करून चालत नाही. फोनवर जी नावं जोडली असतील ती Forget करा, फोनचं ब्लूटूथ बंद ठेवा आणि दोन्ही बड्स एकदम रीसेट करा. दोघांनी एकमेकांना ओळखलं की एकाच बडचा लाइट लुकलुकत राहतो किंवा दोन्हींची चाल सारखी होते. त्यानंतरच ब्लूटूथ चालू करा. आता यादीत एकच नाव यायला हवं. फोनचं ब्लूटूथ आधी बंद करण्याचं कारण असं की ते चालू राहिलं तर एखादा बड जोडीदाराला ओळखण्याआधीच पुन्हा फोनला जाऊन चिकटतो.

फोन Connected म्हणतो, पण गाणं फोनच्याच स्पीकरवर वाजतं.

नावाशेजारचं चाकाचं चिन्ह उघडा. तिथे Media audio आणि Phone calls असे वेगवेगळे स्विच असतात, काही फोनवर शब्द थोडे वेगळे असतील. गाण्यांसाठी आणि कॉलसाठी ब्लूटूथवर दोन स्वतंत्र मार्ग आहेत. Media audio बंद असेल तर कॉल कानात येतील आणि गाणी फोनवर वाजतील.

जोडताना फोन संपर्क आणि कॉलची नोंद बघू देण्याची परवानगी मागतो. द्यावी का?

गाणी ऐकायला आणि कॉल घ्यायला तिची गरज नाही. मी तरी ती खूण काढून टाकते. काही बड्स फोन करणाऱ्याचं नाव कानात बोलून दाखवतात, ते हवं असेल तरच द्या.

हे सगळं दर वेळी करावं लागेल का?

नाही. किल्ली दोन्हीकडे साठली की फोनचं ब्लूटूथ चालू ठेवून झाकण उघडायचं, बस. पेअरिंग मोड पुन्हा लागतो तो नवा फोन किंवा लॅपटॉप जोडताना, किंवा रीसेट केल्यावर. दर वेळी नव्याने जोडावं लागत असेल तर बड्स किल्ली साठवत नाहीत असं समजा. एकदा पूर्ण रीसेट करून बघा आणि दुसऱ्या फोनवरही तपासा. तिथेही तेच झालं तर दोष बड्सचा आहे. परत करायची मुदत संपण्याआधी ते बदलून घ्या. बदलून घेताना दुकानदाराला दाखवायला, लाइट लुकलुकताना आणि फोनवरचा संदेश असं दोन्ही एकाच व्हिडिओत घेऊन ठेवा.